ठिपके फिरताहेत, किती थांबायचं?
पनवेलमधल्या एखाद्या दुकानातला संगणक अपडेट घेताना फिरत्या ठिपक्यांवर अडकला, तर ठिपक्यांवर विसंबू नये; आतलं काम थांबलं तरी ते फिरत राहू शकतात. त्यापेक्षा हार्ड डिस्कचा दिवा पाहावा. तो अधूनमधून लुकलुकत असेल, तर जुन्या डिस्कवर दोन-तीन तासही थांबावं. कुणी म्हणेल, तेवढा वेळ धंदा का खोळंबवायचा? कारण फाइली बदलत असताना वीज तोडली, तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. मात्र तीन तासांनंतर दिवाही निपचित असेल, तर थांबून काही साधत नाही. पॉवरचं बटण 10 सेकंद दाबून ठेवावं. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज बहुधा अर्धवट अपडेट मागे घेतं. ते काम मात्र मध्येच तोडू नये.