यादी फलकावर लावण्यापूर्वी

(मध्य रेल्वेच्या एका जंक्शन गावातील कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षकांच्या बैठकीत इंग्रजी विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले रेल्वे व पोस्ट कर्मचाऱ्यांची आहेत.)



आज आपल्यापुढे २३ मुलांची यादी आहे. अकरावीच्या पर्यावरण विषयाच्या २४० प्रकल्पवह्यांपैकी या २३ वह्या मुलांनी स्वतः लिहिल्या नाहीत, चॅटजीपीटीसारख्या एआय यंत्राकडून लिहून घेतल्या, असा संशय आहे. उद्या सकाळी ही यादी सूचनाफलकावर लावावी आणि प्रकल्पाचे गुण शून्य धरावेत, अशी सूचना आली आहे. ती ज्यांनी मांडली, त्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. फेब्रुवारीत २४० वह्या तपासून ज्याचे डोळे दुखले असतील, त्याला ही चीड का आली हे आम्ही जाणतो. आम्हालाही आली होती. परंतु इंग्रजी विभागातले आम्ही दोघे या यादीतल्या चार मुलांशी बोललो आहोत. तेव्हा जे दिसले ते ऐकून मग निर्णय घ्यावा, एवढीच विनंती.

ही यादी तयार कशी झाली, ते आधी पाहू. वह्यांच्या दोन-दोन पानांचे मोबाईलवर फोटो काढले, मोबाईलने अक्षरे वाचून त्यांचा मजकूर केला आणि तो एआय ओळखणाऱ्या एका संगणकीय साधनात टाकला. साधनाने टक्के दिले. ज्यांचे ८० च्या वर गेले, ती नावे यादीत आली. वही कोणी उघडून विचारले नाही, मुलाला कोणी बोलावले नाही.

हे टक्के म्हणजे काय? साधनाने कोणाला लिहिताना पाहिलेले नसते. ते एवढेच मोजते की, एका शब्दानंतर पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे आणि वाक्ये किती एकसारखी आहेत. यंत्राचे लिखाण गुळगुळीत असते, पुढचा शब्द सहसा ठरलेलाच येतो. म्हणून मजकूर जितका ठरलेल्या वळणाचा, तितके टक्के जास्त. आता आपली मुले डोळ्यांसमोर आणा. मराठी माध्यमातून दहावी झालेली, इंग्रजी गाईडातून शिकलेली. वाक्याची सुरुवात, मधले जोडशब्द, शेवट सारे पाठ केलेले. चुकण्याच्या भीतीने ती ओळखीचा शब्द सोडून दुसरा वापरत नाहीत. म्हणजे ज्या खुणेवरून साधन यंत्राला ओळखते, तीच खूण आपण या मुलांना दहा वर्षे शिकवीत आलो आहोत.

हा आमचा तर्क नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरीने पाहता त्यांतले ६१ टक्के निबंध साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र याच साधनांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. आणखी एक गोष्ट अशी की, त्याच ९१ निबंधांतली शब्दयोजना संशोधकांनी चॅटजीपीटीकडूनच भारदस्त करून घेतली, तेव्हा संशय एकदम उतरला. म्हणजे ज्याने खरोखरच यंत्र वापरले तो सुटण्याची शक्यता वाढली आणि ज्याने हाताने लिहिले तो अडकला.

चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेही जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखणारे साधन काढले होते. कंपनीचेच आकडे होते की, यंत्राने लिहिलेल्या १०० मजकुरांपैकी २६ ते पकडते आणि माणसाने लिहिलेल्या १०० पैकी ९ वर खोटा आळ घेते. एक हजार अक्षरांहून लहान मजकुरावर विसंबू नये, इंग्रजीखेरीज इतर भाषांत तर वापरूच नये, असेही कंपनीने सांगितले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद केले.

हे आकडे आपल्या २४० वह्यांना लावून पाहा. समजा दहातल्या एका मुलाने यंत्र वापरले, म्हणजे २४ मुलांनी. त्यांतली साधारण ६ पकडली जातील. उरलेली २१६ मुले प्रामाणिक. त्यांतल्या १९ जणांवर आळ येईल. यादी होईल २५ नावांची आणि तीत १९ निरपराध. आजची साधने यापेक्षा बरी असतील, विकणाऱ्या कंपन्या तसे सांगतातही. पण आपल्या मुलांच्या इंग्रजीवर ती किती चुकतात हे आपल्यापैकी कोणी मोजलेले नाही, आणि मोजल्याशिवायच ही यादी केली आहे.

(येथे एका सहकाऱ्याने विचारले की, मग चॅटजीपीटीलाच ‘हे तू लिहिलेस का’ असे का विचारू नये. मे २०२३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील एका प्राध्यापकाने नेमके हेच केले होते. यंत्र ‘हो’ म्हणाले आणि वर्गातल्या मुलांच्या पदव्या अडकल्या. असे यंत्र आपण काय लिहिले याची नोंद पाहून उत्तर देत नाही. विचारले की जमेल तसे वाक्य जुळवते.)

आता आम्ही बोललो त्या चार मुलांपैकी दोघांचे सांगतो.

पहिली मुलगी पोस्टमनची. विषय, गावातल्या सार्वजनिक विहिरी. टक्के ८७. आम्ही तिला मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बोलावले. टक्क्यांचा उल्लेख केला नाही, ‘एआय’ हा शब्दही काढला नाही. म्हटले, ‘‘वही चांगली झाली आहे. हे तू कसे केलेस ते आम्हाला सांग.’’ ती पाच मिनिटे गप्प होती. येथे आम्ही थांबलो असतो तर गप्प बसणे हीच कबुली समजून बसलो असतो. मग आम्ही विचारले, ‘‘सातपैकी तीनच विहिरींना मे महिन्यात पाणी होते असे लिहिले आहेस. कोणत्या तीन?’’ त्यावर ती बोलू लागली. रेल्वे हद्दीजवळची, मारुतीच्या देवळामागची आणि जुन्या धर्मशाळेची. खोली कशी मोजली? दोराला हातहाताच्या अंतरावर गाठी मारून. दुसऱ्या दिवशी तिने घरून दिनदर्शिकेची पाने आणली. पाठीमागे पेन्सिलीने गाठींचे आकडे, शेजारी विहिरींची नावे आणि सगळा प्रकल्प आधी मराठीत लिहिलेला. मराठीवरून तिने इंग्रजी केले होते. ‘‘मॅडम, दोन वाक्यं शिकवणीच्या सरांनी दुरुस्त करून दिली,’’ हे तिने आपणहून सांगितले. भूजल पुनर्भरणाचा एक परिच्छेद मात्र गाईडातून जसाच्या तसा उतरवला होता. तो कबूल केला. त्या परिच्छेदाचे गुण आम्ही कापले. उरलेली वही तिची आहे.

दुसरा मुलगा, विषय रुग्णालयातला कचरा. त्याच्या पानांना साधनाने आधी फक्त १२ टक्के दिले होते. यादीत तो आला तो दुसरी पाने घालून पाहिली तेव्हा. आम्हाला संशय टक्क्यांवरून आला नाही. शेवटी दिलेल्या संदर्भांत एक पुस्तक होते. लेखक, प्रकाशक, वर्ष सगळे दिलेले. ग्रंथपालांनी शोधले, त्या प्रकाशकाच्या सूचीतही असे पुस्तक नाही. आपल्या नगरपालिकेच्या अहवालातून घेतलेला म्हणून एक आकडा होता. तसा अहवाल नगरपालिकेने कधी काढलेलाच नाही. अशी यंत्रे नसलेली पुस्तके आणि आकडे अगदी खात्रीने लिहितात. आम्ही एवढेच म्हटले, ‘‘हा अहवाल कोठे मिळाला? आम्हालाही पाहायचा आहे.’’ त्याने मान खाली घातली आणि सगळे सांगितले.

मग त्याला शून्य का नाही? जूनमध्ये आपण मुलांना जी सूचना दिली ती आम्ही काढून पाहिली. तीत ‘प्रकल्प स्वतः करावा’ एवढे एकच वाक्य आहे. मोबाईलवर शब्दाचा अर्थ पाहावा की नाही, वाक्य सुधारून घ्यावे की नाही, यंत्राकडून परिच्छेद लिहवून घ्यावा की नाही, यांतले काहीच नाही. जो नियम आपण सांगितला नाही, तो मोडल्याची पूर्ण शिक्षा कशी देणार? खोटा संदर्भ देणे हा दोष मात्र नियमाशिवायही दोषच आहे. म्हणून त्याने रुग्णालयात जाऊन, पाहून, आमच्यासमोर बसून प्रकल्प पुन्हा लिहावा आणि तोंडी परीक्षा द्यावी, असे आम्ही ठरवले. कोणाला हे सौम्य वाटेल. वाटो.

तोंडी विचारण्यालाही मर्यादा आहेत, हे लपवीत नाही. भित्रे मूल स्वतःच्या वहीवरही अडखळते आणि धीट मूल दुसऱ्याची वही पाठ करून येते. म्हणून दोन शिक्षक असावेत, मुलाला कच्ची पाने आणायला दोन दिवस द्यावेत, हवे तर आई किंवा वडील शेजारी बसावेत. तिसऱ्या मुलाच्या बाबतीत हे सगळे करूनही आमचे नक्की ठरले नाही. तेव्हा पानावर जे आहे त्याचे गुण द्यायचे आणि संशय वहीबरोबरच मिटवायचा, असे आम्ही केले. चौथ्याचे बोलणे अजून अर्धे आहे.

या मुलांच्या घरी हे सगळे ठाऊक आहे. रेल्वेत मोठ्या शिक्षेचे प्रकरण असेल तर एसएफ-५ चे आरोपपत्र येते, पोस्टात नियम १४ खाली येते. आरोप लेखी, सोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी, उत्तराला मुदत, चौकशीत बाजू मांडायला सहकारी. वडिलांना ऑफिसात जे मिळते, ते मुलीला शाळेत मिळू नये काय? आणि ‘८७ टक्के’ या साक्षीदाराला ती उलट प्रश्न तरी कसा विचारणार?

पोस्टमनची ती मुलगी, यादीची कुणकुण वर्गात लागल्यापासून, तिसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर बसू लागली आहे. आमच्यापैकीच एकाने चाळीस मुलांसमोर ‘मोबाईलने लिहिलेस का गं’ असे तिला विचारले होते. आम्ही तिची माफी मागितली. बाक तिने अजून बदललेला नाही.

तेव्हा आमची मागणी अशी. उद्या सकाळी यादी फलकावर जाऊ नये. ती कुलूप लावून कपाटात राहावी. उरलेल्या १९ मुलांशी दोन-दोन शिक्षकांनी एकेकट्याने बोलावे. एका मुलाला वीस मिनिटे लागतात, पाच जोड्या केल्या तर दोन दिवसांत काम होते. पुढच्या जूनपासून प्रकल्पवहीच्या पाठीमागे कच्ची पाने टाचून घ्यावीत, आणि यंत्राची कोणती मदत चालेल व कोणती चालणार नाही हे मराठीत लिहून पहिल्या दिवशी वर्गात वाचून दाखवावे. जोड्यांसाठी नावे आत्ताच द्यावीत. आमची दोन नावे लिहून घ्या.