कोणती ओळ आधी काढायची?

आज बोलू या मोबाईलवरच्या जाहिरातीबद्दल. एकामागून एक बोटाने सरकवत बघायची चित्रं असतात ना, त्याला कॅरूसेल म्हणतात. आमच्या एका गटातल्या सुनेने नाचणीच्या पापडांसाठी अशी सहा चित्रं तयार केली आणि मला म्हणाली, "ताई, टाकायच्या आधी एकदा बघा."

पहिल्याच चित्रावर अकरा ओळी होत्या. वर श्री गणेशाचं नाव, मग गटाचं नाव, गाव, स्थापनेचं वर्ष, अध्यक्षा, सचिव, "घरगुती, चविष्ट, दर्जेदार", "एकदा खाल तर पुन्हा मागाल", भाव आणि दोन फोन नंबर. सगळं मावावं म्हणून अक्षर बारीक केलेलं. पापड कुठे दिसतच नव्हता.

"छान आहे, पण गर्दी झालीय" एवढंच मी म्हटलं असतं, तर तिने रंग बदलून तेच पुन्हा आणलं असतं. म्हणून आधी विचारलं, "हे कोणी बघायचं आणि बघून काय करायचं?" ती म्हणाली, "शहरातल्या बाईने फोन करून पापड मागवायचे." मग प्रत्येक ओळ या एकाच उत्तरावर तपासली. शुद्धलेखन आणि रंग शेवटी ठेवले. जी ओळ जाणारच आहे, तिची वेलांटी सुधारून काय उपयोग?

सगळ्यात आधी काढल्या दोनदा आलेल्या ओळी. फोन नंबर सहाही चित्रांवर होते. ते फक्त शेवटच्या चित्रावर ठेवले, कारण फोन करायची वेळ तिथे येते. ही सुरुवात सोपी, कारण यात काहीच गमवावं लागत नाही आणि कुणाचं मन दुखत नाही.

नंतर काढल्या कोणीही लिहू शकेल अशा ओळी. "चविष्ट, दर्जेदार" याच्यापुढे शेजारच्या गावातल्या गटाचं नाव लावून बघा. तरी ओळ शोभते ना? मग ती आपल्याबद्दल काहीच सांगत नाही. उलट चौथ्या चित्राच्या कोपऱ्यात तिने लिहिलं होतं, "नाचणी आमच्याच डोंगरातल्या शेतातली, मैदा अजिबात नाही." ही ओळ दुसऱ्या कुणाला सहज लिहिता येणार नाही. ती उचलून पहिल्या चित्रावर, मोठ्या अक्षरात घेतली.

तिसऱ्या ओळी अवघड होत्या. स्थापनेचं वर्ष, अध्यक्षांचं आणि सचिवांचं नाव. आपल्याला त्या मोलाच्या आहेत, पण पापड घेणारीला त्याने ठरवायला मदत होत नाही. सून म्हणाली, "अध्यक्षबाई माझ्या सासूबाई आहेत. नाव काढलं तर घरात काय सांगू?" तिचं खरंच होतं. म्हणून ती नावं पुसली नाहीत, हलवली. चित्रांखाली मजकूर लिहायला जागा असते, तिथे श्री गणेशाच्या नावापासून दोघींच्या नावांपर्यंत सगळं नीट बसलं. मी स्वतः सासूबाईंकडे जाऊन चित्र हातभर लांब धरलं आणि म्हटलं, "काकू, वाचा बरं." त्यांना एकही ओळ वाचता आली नाही. मग त्याच म्हणाल्या, "खाली टाक माझं नाव, निदान वाचता तरी येईल."

पण कापायच्या भरात चूकही होते. मागे दुसऱ्या एका गटाच्या चित्रातून मी "मागणी शनिवारपर्यंत" ही ओळ जास्तीची समजून काढायला लावली. पाकिटं सोमवारी रवाना झाली आणि त्यानंतरही फोन येत राहिले. बायका चिडल्या, गटाला प्रत्येकीची माफी मागावी लागली. तेव्हापासून मी नियम केलाय: जी ओळ नसेल तर गिऱ्हाईक फोनवर विचारणारच, ती काढायची नाही. पाकिटाचं वजन, भाव, पोचवायचा खर्च, मागणीची शेवटची तारीख या त्या ओळी. खाण्याच्या वस्तूचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही ठेवायचा, पण पहिल्या चित्रावर नाही. तो शेवटी लागतो.

अखेर सहाची चार चित्रं झाली. पहिल्यावर नाचणीची ओळ, गटाचं नाव आणि गाव, बाकी पापडाचा फोटो. दुसऱ्यावर एक तळलेला आणि एक भाजलेला पापड. तिसऱ्यावर वजन, भाव आणि पोचवायचा खर्च. चौथ्यावर फोन, शेवटची तारीख आणि तो क्रमांक.

तुमच्या गटातली कुणी चित्र दाखवायला आली, तर तिच्या हातातून मोबाईल घेऊन स्वतः पुसत बसू नका. एकेक ओळ मोठ्याने वाचा, ती का जातेय ते सांगा आणि पुसू द्या तिलाच. पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येण्याआधीच निम्म्या ओळी काढून आलेली असेल.