बिलावर पेन चालवू नका, नोट मागून घ्या
(संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आधी माझी स्वतःची एक चूक सांगते. मी या कामाला नवीन होते तेव्हाची. एका गटाने शेंगदाणे मागवले होते. बिल १२,४०० रुपयांचं आलं, पण माल थोडा कमी भरला. हिशोब ११,८०० चा होत होता. कोषाध्यक्ष ताईंनी मला विचारलं, आता काय करू? मी म्हटलं, त्यात काय, बिलावरचा आकडा खोडा, खाली ११,८०० लिहा आणि तेवढेच द्या. त्यांनी तसंच केलं.

सहा महिन्यांनी दोन गोष्टी झाल्या. व्यापाऱ्याने नव्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेतून ६०० रुपये कापून घेतले, कारण त्याच्या वहीत आपल्या नावावर ते येणंच दिसत होतं. आणि हिशोब तपासताना प्रश्न आला, बिल १२,४०० चं, दिले ११,८००, खाडाखोड कुणी केली? भर सभेत सगळ्यांनी त्या ताईंकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सचिवांच्या घरी वह्या आणि पेटीची चावी ठेवून गेल्या. त्यांनी एक रुपया घेतला नव्हता. सल्ला माझा होता. मी सभेत तसं सांगितलं, पण जो बोल लागायचा तो लागून गेला होता.

आपली ऑर्डर आणि व्यापाऱ्याचं बिल जुळलं नाही, तर ते कागदावर कसं दुरुस्त करायचं, तेच आज बघू. यंदा मसाला करणाऱ्या एका गटाचं असंच झालं. त्यांनी नीट निस्तरलं, म्हणून त्यांचाच हिशोब घेऊ.

गटाने लेखी ऑर्डर दिली होती. लाल मिरची १०० किलो, दर २०० रुपये. धने ५० किलो, दर ११० रुपये. जीएसटी वेगळा. खाली एक ओळ होती, "हा दर आठ दिवस कायम." ऑर्डरची एक प्रत गटाच्या फाईलला लावलेली होती.

सहाव्या दिवशी टेम्पो आला. ताईंनी गाडीवाल्यासमोरच पोती काट्यावर घेतली. धने बरोबर भरले. मिरची भरली ९४ किलो. कारण साधं होतं, व्यापाऱ्याने पोत्यासकट वजन धरलं होतं आणि एका पोत्यात माल कमी होता. इथे ताईंनी फार चांगलं काम केलं. गाडीवाल्याच्या चलनावर लिहिलं, "बारदान वजा जाता मिरची प्रत्यक्ष ९४ किलो," आणि त्याची सही घेतली. बायांनो, गाडी गेल्यावर वजन केलं तर व्यापारी म्हणणार, तुमच्या घरी कमी झालं. मिरची वाळते, किलो-अर्धा किलो इकडेतिकडे होतं, तेवढ्यावर भांडू नका. सहा किलो मात्र वाळून जात नाही.

मग बिल बघितलं. मिरची १०० किलो, दर २१०, म्हणजे २१,०००. धने ५,५००. एकूण २६,५००. त्यावर ५ टक्के जीएसटी १,३२५. बिल झालं २७,८२५. म्हणजे फरक दोन होते. वजन कमी आणि दर जास्त.

इथे गफलत होते. एक ताई म्हणाल्या, सहा किलोचे २१० ने १,२६० आणि दरातले दहा रुपये शंभर किलोवर १,०००, असे २,२६० झाले. पण जे सहा किलो आलेच नाहीत, त्यांचे पूर्ण पैसे आपण आधीच वजा केले. त्यांच्यावर परत दहा-दहा रुपये कसे मागायचे? साठ रुपये दोनदा धरले गेले. म्हणून सोपी रीत लक्षात ठेवा. बिल कितीचं असायला हवं होतं ते आधी मांडा, मग वजाबाकी करा. मिरची ९४ किलो दर २००, झाले १८,८००. धने ५,५००. एकूण २४,३००. जीएसटी १,२१५. खरं बिल २५,५१५. आलेलं बिल २७,८२५. फरक २,३१०. त्यात मालाचे २,२०० आणि जीएसटीचे ११०. जीएसटीचा फरक मागायला विसरू नका, तो पण आपलाच पैसा आहे.

आता नोट. आपण व्यापाऱ्याला देतो ती डेबिट नोट, म्हणजे नावे चिठ्ठी. तिचा अर्थ, "तुमच्या नावे आम्ही एवढी रक्कम टाकली आहे." साध्या कागदावर चालते. गटाचं नाव, आपला नोट नंबर, तारीख, व्यापाऱ्याच्या बिलाचा नंबर आणि तारीख, ऑर्डरची तारीख, फरक कशाचा आणि रक्कम. खाली सही-शिक्का. सोबत ऑर्डर आणि चलनाची झेरॉक्स.

पण ही चिठ्ठी म्हणजे आपलं मागणं झालं. व्यापाऱ्याने मान्य केलं याचा कागद म्हणजे त्याची क्रेडिट नोट, जमा चिठ्ठी. "एवढी रक्कम तुमच्या खात्याला जमा केली," असं तो लिहून देतो. ती हातात येईपर्यंत गोष्ट अर्धीच आहे.

या व्यापाऱ्याने वजनाचं लगेच मानलं. दराला अडला. म्हणाला, मी फोनवर सांगितलं होतं भाव वाढला म्हणून. सचिव ताई म्हणाल्या, "फोन आला होता, पण मी 'सभेत विचारते' म्हणाले, 'हो' म्हणाले नाही." आणि ऑर्डरवर आठ दिवसांची ओळ होतीच. चौथ्या दिवशी क्रेडिट नोट आली. फोनवर त्या "बरं, चालेल" म्हणाल्या असत्या, तर ९४० रुपये मागायला आपल्याला तोंड नव्हतं. म्हणून दर बदलला की लिहून मागा, मेसेज तरी मागा.

क्रेडिट नोट आली की तीन गोष्टी बघा. आपल्याच बिलाचा नंबर आहे का, जीएसटी धरून २,३१० आहेत का, सही आहे का. मग वहीत खरेदी २७,८२५ लिहा, त्याखाली क्रेडिट नोट वजा २,३१०, आणि दिले २५,५१५. बिलाला हात लावू नका. ऑर्डर, चलन, बिल आणि दोन्ही नोटा एकत्र टाचून ठेवा. तुमच्या गटाचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल, तर हा ११० चा फरक तुमच्या विवरणातही वजा करावा लागतो, तो कागद कर सल्लागाराला दाखवा.

हे सगळं त्याच आठवड्यात करा. व्यापाऱ्याला क्रेडिट नोटवरचा कर कमी करून घ्यायला मुदत असते, आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, आणि वार्षिक विवरण आधी भरलं तर तिथपर्यंतच. नंतर गेलात तर तो म्हणेल, आता माझा कर सुटत नाही, मी मालाचेच देतो.

उलटंही होतं. माल १०० किलो आणि बिल चुकून ९० चं. गप्प बसू नका. त्याला कळवा, तो आपल्याला डेबिट नोट देईल, तेवढे जास्तीचे पैसे द्यायचे. आज आपण लपवलं, तर उद्या आपल्या चलनावरच्या ९४ वर तो का विश्वास ठेवेल?

त्या शेंगदाण्याच्या गटातल्या ताई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याकडे दोन नोटांचा एक-एक कोरा नमुना आहे. जाताना प्रत्येक गटाने एक प्रत घ्या आणि मिरचीचा हा हिशोब आपल्या वहीत एकदा स्वतः मांडून बघा. २,३१० आले नाहीत तर मला बोलवा, मी येते.