ध्वनिसंदेशाने समाचार

शोकाकुल कुटुंबांचा समुपदेशक म्हणून राजधानीच्या परिसरात काम करीत असताना मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा की, समाचाराला जाणे शक्य नसेल तेव्हा चार ओळी लिहाव्यात, की व्हॉट्सअॅपवर आपला आवाज पाठवावा?

नोएडातील एका मराठी घरचा प्रसंग घ्या. वडील पहाटे निवर्तले. थोरला मुलगा सेक्टर ९४ च्या अंतिम निवासात कागदपत्रांची पूर्तता करीत उभा, धाकटा पुण्याहून विमानाने निघालेला, आणि अशा वेळी आत्याबाईंचा अडीच मिनिटांचा ध्वनिसंदेश येऊन थडकला. लिहिलेला मजकूर एका दृष्टिक्षेपात उमगतो; आवाजाच्या पोटात काय आहे ते मात्र अखेरपर्यंत ऐकल्यावाचून कळत नाही. धाकट्याच्या विमानाची काही इत्तला असेल म्हणून थोरल्याने तो लावला, फोन कानाशी नसल्यामुळे तो चारचौघांत मोठ्याने वाजू लागला, आणि ऐकू आले ते हुंदके व 'अरे, असं अचानक कसं झालं रे?' हा प्रश्न. तो संपतो न संपतो तोच आत्याबाईंचा पुढचा संदेश आपोआप सुरू झाला.

म्हणून माझे निक्षून सांगणे आहे की पहिल्या दिवशी आवाज पाठवू नका. त्या दिवशी त्या घरचा फोन हे कचेरीचे टेबल झालेले असते. दाखला, शववाहिका, गुरुजी, स्टेशनवर उतरलेली माणसे, सारे त्यावरच. 'बातमी कळली, फार वाईट वाटले, उत्तर देऊ नका' एवढे लिहा. कुटुंबाच्या सामायिक गटावर तर आवाज मुळीच नको, आणि 'कसं झालं' हा प्रश्न कुठेच नको. अहो, तुमची जिज्ञासा तेरावा होईपर्यंत थांबत नाही काय?

एप्रिल-मे २०२१ मध्ये, दिल्लीत टाळेबंदी असताना, दारात जाणेच अशक्य होते. पहिल्या दिवसाच्या या नियमाला तो अपवाद निराळा.

आवाजाची खरी वेळ येते ती दहावा-तेरावा आटोपून पाहुणे परतल्यावर. मोतीबिंदूमुळे वाचता न येणाऱ्या आईला, किंवा रात्री झोप न लागणाऱ्या पत्नीला, गेलेल्या माणसाची त्यांना ठाऊक नसलेली एखादी हकीकत ओळखीच्या आवाजात सांगितली, तर ती पुन्हापुन्हा ऐकली जाते. पहाडगंजच्या गणेशोत्सवात काकांनी ऐन वेळी पेटीची साथ कशी केली, असे काहीतरी नेमके सांगा. आधी 'आठवण सांगितली आहे, सवडीने ऐका' असे लिहा, मिनिटाभरात आटोपा, आणि माइकचे चिन्ह वर सरकवून ध्वनिमुद्रण केल्यास पाठवण्यापूर्वी स्वतः ऐकता येते, तेवढी तसदी घ्या. आपलेच रडणे अधिक ऐकू येत असेल, तर तो संदेश खोडून टाका.

आणि माइकचे चिन्ह निळे झालेले दिसले, तरी 'ऐकलंस ना?' म्हणून फोन करू नका, बरे का!