तक्रारीची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला आग्रहाने उभे केले आहे. मी काही वक्ती नाही. परंतु आपल्या वसाहतीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल पालिकेकडे केलेल्या अर्जांची वही माझ्यापाशी आहे, म्हणून त्या वहीची हकिगत तेवढी सांगते.

आपला पहिला अर्ज १८ जून २०२४ चा. सेहेचाळीस सह्या होत्या. मजकूर इतकाच, की ‘वसाहतीत भटक्या कुत्र्यांचा फार उपद्रव आहे, तरी त्यांचा त्वरित बंदोबस्त व्हावा.’ अर्ज आपल्याला फार जोरदार वाटला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की तक्रारीची नोंद घेतली आहे, कुत्री उचलून दुसरीकडे सोडता येत नाहीत. झाले, प्रकरण बंद. आपण चहा घेता घेता पालिकेला नावे ठेवली आणि गप्प बसलो.

नंतर मी स्वतः पालिकेत गेले. तेथल्या पशुवैद्य बाईंनी अर्ज वाचून विचारले, “आजी, किती कुत्री? कोणती? कोण चावले? कधी?” माझ्यापाशी एकाचेही उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, “नुसता ‘उपद्रव’ लिहिलात तर गाडी कोठे पाठवू?” त्यांनीच समजावले, की २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रे पकडायचे, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला काप द्यायचा आणि जेथून नेले तेथेच परत आणायचे. आपण मागत होतो ते त्यांना करता येत नव्हते, आणि करता येण्यासारखे होते ते आपण मागितलेच नव्हते.

घरी येऊन मी शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, जागा, कुत्र्याचे वर्णन आणि काय घडले, असे पाच रकाने आखले. पहिली नोंद अशी : ‘३ ऑगस्ट, शनिवार, सकाळी पावणेसहा. मोठे फाटक. काळा कुत्रा, पांढरे पंजे, आणि दोन तांबडी. दूधवाल्याच्या सायकलीमागे धावली. तो पडला, कोपर खरचटले, चावा नाही.’ दुसरी ११ ऑगस्टच्या रात्रीची, मैदानाच्या कोपऱ्यावरची. तिसरी नोंद मात्र लिहिताना माझा हात थांबला.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, सायंकाळी साडेसहा. आमच्याच इमारतीचा जिना. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची आठ वर्षांची मुलगी भावासाठी राखी घेऊन धावत खाली येत होती. जिन्याच्या पहिल्या पायरीशी तीच पांढऱ्या पंजांची कुत्री पोळी खात होती. (पहिल्या दिवशी मी तिला कुत्रा समजले होते, ती मादी निघाली.) पोरीचा पाय तिच्याजवळ पडला आणि तिने पोटरीला दात लावले. रक्त आले.

भगिनींनो, ती पोळी मी ठेवली होती. रोज सायंकाळी उरलेली पोळी त्या पायरीशी ठेवायची, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. त्या दिवशी रकान्यात ‘कुत्र्याने चावा घेतला’ एवढेच लिहून भागले असते. पण मी लिहिले, ‘पोळी ठेवणारी : मी.’

पोरीच्या आईने धावत जाऊन हळद-तिखट आणले. शेजारच्या परिचारिका बाईंनी तिचा हात धरला आणि मुलीचा पाय नळाखाली धरून साबणाने पुरी पंधरा मिनिटे धुतला. पंधरा मिनिटे किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळले. पोरगी रडत होती, आणि मी घड्याळाकडे पाहत होते. जखमेत हळद, चुना, तिखट काही घालायचे नसते. विष धुऊन काढायचे असते. लगेच सरकारी रुग्णालयात नेले. रक्त आले होते म्हणून जखमेभोवती तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन आणि दंडावर लस, असे दोन्ही दिले. लसीच्या पुढच्या तारखा मी वहीतच लिहून घेतल्या : २२ ऑगस्ट, २६ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर. शेवटची सुई अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी होती. घरात गणपतीची गडबड असूनही आई तिला घेऊन गेली, याचे मला फार कौतुक वाटते. रेबीज एकदा अंगात उठला तर त्यावर उपाय नाही. सुया चुकवल्या तर नंतर पश्चात्तापालाही जागा उरत नाही.

चावलेल्या कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवायची असते. ते काम रखवालदाराने आणि मी वाटून घेतले. २९ ऑगस्टपर्यंत ती खात-पीत, धडधाकट होती. तेव्हा जीव थोडा खाली बसला. तरी सुया थांबवल्या नाहीत.

दुसरा अर्ज २१ ऑगस्टला दिला. त्यात सोबत वहीतल्या नोंदींची नक्कल, एकूण अकरा कुत्र्यांची वर्णने आणि ती पहाटे कोठे निजतात त्या जागा दिल्या. मागणी एकच ठेवली, ती म्हणजे निर्बीजीकरण आणि लस. चावलेल्या कुत्रीची पशुवैद्यांकडून तपासणी व्हावी, हे वेगळे लिहिले. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय मी जागची हलले नाही. पुढे दर वेळी तो क्रमांक सांगितला, की फाईल सापडे.

गाडी २४ सप्टेंबरला पहाटे आली. सात कुत्री मिळाली, त्यांत ती पांढऱ्या पंजांचीही होती. तीन निसटली. अकरावी पिलांना पाजत होती, म्हणून तिला पिले सुटी होईपर्यंत नेले नाही. ३० सप्टेंबरला सातही परत आणून सोडली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजणी रागावल्या. “एवढे करून पुन्हा आणलीच का?” असे मला जिन्यात अडवून विचारले. राग मला समजतो. पण जेथे उकिरडा आहे, तेथून कुत्री हलवली तर ती जागा दुसरी कुत्री घेतात, आणि ती बिनलसीची असतात. कान कापलेली जुनी कुत्री आपापली हद्द राखतात, आणि त्यांची वीण वाढत नाही.

म्हणून मागच्या भिंतीशी उघड्यावर पडणारा ओला कचरा आपण झाकणाच्या पिंपात घालू लागलो. खाऊ घालण्याची जागाही बदलली. जिना, फाटक आणि मुलांचे मैदान यांपासून दूर ती असावी, असे नियमातच आहे. आता पाण्याच्या टाकीमागे, मुले घरात असतात त्या वेळी, ठराविक तासालाच अन्न ठेवतो. पहिल्या दिवशी पोळी घेऊन तिकडे मीच गेले.

आता सर्व सुरळीत झाले असे म्हणेन तर खोटे होईल. रात्रीचे भुंकणे आहेच. ९ डिसेंबरला टपाल वाटणाऱ्या माणसावर एक कुत्रा धावून गेला. पण वहीमुळे लगेच कळले, की याचा कान अखंड आहे, हा बाहेरून आलेला नवा आहे. दुसऱ्याच दिवशी जुना क्रमांक लिहून तेवढ्या एकाच कुत्र्याचा अर्ज दिला.

त्या मुलीची पोटरी बरी झाली. खूण राहिली आहे. जिना उतरताना ती अजून शेवटच्या वळणावर थांबते, खाली डोकावते आणि मगच येते. ते पाहिले, की मला त्या तिसऱ्या नोंदीची आठवण होते.

वही आता मंडळाच्या कपाटात, डावीकडच्या खणात ठेवली आहे. सोबत पेन्सिल बांधली आहे. काही घडले तर त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी काळे कुत्रे तांबडे होते आणि पावणेसहाचे सात वाजतात.