नेमकं कुठे चुकलं, ते विचारा

“तुझं वागणं सुधार,” असं वरचा माणूस म्हणतो. ऐकणारा गोंधळून जातो. वागणं म्हणजे नेमकं काय?

समजा, गावच्या डेअरीत एक तरुण दूध मोजायला आहे. डेअरीचे सेक्रेटरी त्याला असंच म्हणाले. “मी काय केलं? कोण सांगतं?” असं तो लगेच बोलला, तर ते भांडण वाटेल. सांगणाऱ्याचं नाव विचारलं, की समोरचा गप्प होतो.

त्याने गर्दी ओसरू द्यावी. मग एकट्याने जाऊन म्हणावं, “अण्णा, मला सुधारायचं आहे. मी कुठे चुकलो, तो एक प्रसंग सांगा. तिथे काय करायला हवं होतं, तेही सांगा.”

अण्णा म्हणतील, “परवा एका बाईने विचारलं, फॅट कमी का लागली? तू मान वर न करता म्हणालास, ‘यंत्राला विचार.’”

“गर्दी होती हो,” हे शब्द आता ओठांवर येतील. ते गिळावेत. आधी ऐकलेलं परत सांगावं, “म्हणजे कुणी विचारलं, की यंत्रावरचा आकडा दाखवायचा आणि वाचून सांगायचा. बरोबर?” अण्णांनी हो म्हटलं, की मग गर्दीची अडचण सांगावी.

अण्णांना प्रसंग आठवला नाही, तर हट्ट धरू नये. “उद्यापासून कोणती एक गोष्ट वेगळी करू?” असं विचारावं. ती करावी. आठ दिवसांनी पुन्हा विचारावं, “आता बरं आहे का?”

इतकं विचारूनही काहीच नेमकं सांगितलं नाही, तर तो ठपका मनाला लावून घेऊ नये.