उरेब कापडाची खोड

चेन्नई शहराचे जुने नाव १९९६ मध्ये बदलले. पण तेथून जगभर गेलेल्या रंगीत चौकड्यांच्या सुती कापडाला ‘मद्रास’ हेच नाव चिकटून राहिले आहे. कापडाचा स्वभाव डोळ्यांना दिसावा, तर या चौकड्यांसारखे साधन नाही.

एक इंच बाजूची एक चौकडी घ्या. ती उभ्या वा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढली, तर धागाच ताण झेलतो. कापड फारसे वाढत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरपी ओढा. धागे लांबत नाहीत. ते एकमेकांवर फिरतात आणि चौकोनाची शंकरपाळी होते. काटकोन मिटून ८० अंशांचा झाला, की १.४१ इंचांचा कर्ण १.५३ इंचांचा होतो, दुसरा १.२९ वर येतो. शिंपी ज्याला उरेब म्हणतात, ती दिशा हीच. असे कापड अंगाच्या वळणाप्रमाणे वळते, म्हणून त्याचा घोळ सुरेख पडतो.

खोडही त्यातच आहे. पूर्ण वर्तुळाच्या घेराचा झगा घ्या. त्यात चार जागी कापड सरळ येते, मधल्या चार जागी उरेब. या उरेब जागा स्वतःच्या वजनाने उतरतात आणि काल गोल कापलेली कड आज खालीवर होते. विणीतच चौकडी तिरकी असेल, तर त्या चारही सारख्या उतरत नाहीत. म्हणून जाणता शिंपी खालची दुमड घालण्यापूर्वी झगा निदान एक दिवस टांगून ठेवतो, आणि मग जमिनीपासून मोजून कड कापतो, कमरेपासून नव्हे.